उकडलेलं अंडं परत पातळ का होत नाही? शाळेत वीस मिनिटांत सांगायचं कसं

हा विषय मी पहिल्यांदा आठवीच्या वर्गात मांडला तेव्हा सगळं सुरळीत चाललं होतं. प्रथिनं म्हणजे घडी घातलेल्या लांब साखळ्या, उष्णतेनं ती घडी उलगडते, म्हणून अंडं घट्ट होतं, एवढं सांगून मी फळ्याकडे वळले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “बाई, मग थंड केल्यावर परत घडी का नाही पडत?”

मी ‘बंध तुटतात ना’ असं काहीतरी पुटपुटले. तिला ते पटलं नाही, आणि तिचं बरोबर होतं. बर्फ वितळतो तेव्हाही पाण्याच्या रेणूंमधले बंध सुटतातच, तरी फ्रीजरमध्ये ठेवलं की बर्फ परत तयार होतो. घडी उलगडणं ही अर्धीच गोष्ट आहे. बदल कायमचा का, याचं उत्तर उरलेल्या अर्ध्यात आहे, आणि बहुतेक भाषणं तिथं पोचायच्या आधीच संपतात. त्या दिवसानंतर मी सगळं नव्यानं बसवलं. सातवी ते नववीच्या मुलांसाठी आता ते असं करते.

आदल्या दिवशीची तयारी

दोन अंडी, पाच परीक्षानळ्या आणि त्यांचा स्टँड, ११० अंशांपर्यंतची तापमापी, दीड-दोन लिटरचं पातेलं, शेगडी किंवा इंडक्शन, वाडगाभर बर्फ, थोडं खोबरेल तेल आणि लोकरीचा एक जाडसा गुंडा. याखेरीज व्हेल्क्रोची हातभर पट्टी लागते, शिंप्याच्या सामानाच्या दुकानात मिळते. तिची फक्त खरखरीत बाजू आपल्याला हवी आहे.

लोकरीचं काम वेळखाऊ आहे, म्हणून ते रात्रीच उरकावं. ३ मीटर ८५ सेंटिमीटर लांबीचे अकरा तुकडे कापायचे. हा आकडा मुद्दाम घेतला आहे. अंड्याच्या पांढऱ्या भागात सगळ्यात जास्त असलेल्या प्रथिनाचं नाव ओव्हाल्ब्युमिन. त्याच्या एका साखळीत ३८५ अमिनो आम्लं असतात. एका अमिनो आम्लाला एक सेंटिमीटर धरला की वर्गात सांगायला सोपं जातं. प्रत्येक तुकड्यावर व्हेल्क्रोच्या खरखरीत बाजूचे नखाएवढे चार तुकडे पहिल्या दोन मीटरांत थोड्या थोड्या अंतरावर टाचून घ्यायचे आणि मग त्याच टोकापासून लोकर गुंडाळत जायची, म्हणजे सगळा खरखरीतपणा आत जातो. बाहेरून आवळ्याएवढे अकरा मऊ गोळे दिसले पाहिजेत. बाहेर एकही खरखरीत तुकडा राहिला तर गोळे आधीच एकमेकांना चिकटतात आणि खेळ बिघडतो. एकदा घाईत माझे तीन गोळे असेच जोडले गेले होते आणि पहिल्याच मिनिटाला एका मुलानं ते ओळखलं.

अंडी वर्गातच फोडायची असली तरी गाळणी सोबत ठेवावी. पांढरा भाग सगळीकडे सारखा नसतो. थोडा पाण्यासारखा पातळ असतो, थोडा जेलीसारखा जाड. काट्यानं हलक्या हातानं ढवळून तो चहाच्या गाळणीतून गाळून घेतला की एकजीव होतो. जोरात फेटायचं नाही, कारण फेस झाला तर तोही पांढराच दिसतो आणि उष्णतेनं काय पांढरं झालं ते कळेनासं होतं.

शाळेची परवानगी आधी घ्यायची आणि वर्गात कुणाला अंड्याची ॲलर्जी आहे का तेही विचारून ठेवायचं. कच्चं अंडं हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, प्रयोगातलं काहीही खायचं नाही. काही शाळांमध्ये अंडं आणणंच चालत नाही. तिथं काय करायचं ते पुढे येतं, आणि खरं सांगायचं तर मला तो पर्याय अंड्याहून जास्त आवडतो.

पातेलं बोलत असतं, आपण त्याच्याशी जमवून घ्यायचं

वेळेचं सगळं गणित पातेल्यावर अवलंबून आहे. वर्ग सुरू होण्याआधीच दीड लिटर पाणी ५० अंशांपर्यंत तापवून ठेवायचं. मग आच इतकी बारीक करायची की मिनिटाला साधारण तीन अंश चढतील. म्हणजे ८५ अंशांपर्यंत पोचायला बारा मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात आपलं बोलणं होतं. पहिल्या वेळी मी मोठ्या आचेवर पाणी उकळायला ठेवलं होतं. दोन मिनिटांत नळीतलं सगळं एकदम पांढरंफट्ट झालं आणि मधल्या पायऱ्या कुणालाच दिसल्या नाहीत.

तीन नळ्यांत प्रत्येकी पाच मिलिलिटर पांढरा भाग घालायचा आणि पेननं पातळीची खूण करायची. दोन नळ्या पातेल्यात जातील, तिसरी कच्चीच स्टँडवर राहील, तुलनेसाठी. चौथ्या नळीत गोठलेलं खोबरेल तेल. थंडीचे दिवस नसतील तर ते सकाळी फ्रीजमध्ये ठेवून गोठवून घ्यावं लागतं, कारण ते २४-२५ अंशांनाच वितळतं. पाचवी नळी जास्तीची, फुटलीच एखादी तर. तापमापीचा फुगा पातेल्याच्या तळाला टेकता कामा नये, नाहीतर ती पाण्यापेक्षा जास्त दाखवते. ती नळ्यांच्या शेजारी लोंबकळत ठेवायची आणि एका विद्यार्थ्याला दर पाच अंशांनी मोठ्यानं आकडा वाचायला सांगायचं.

नळ्या पाण्यात सोडतानाच पहिला प्रश्न विचारते: “अंडं उकडलं की घट्ट का होतं?” हमखास येणारं उत्तर म्हणजे पाणी आटतं. या उत्तराला हसायचं नाही, कारण ते विचार करून दिलेलं असतं. आमटी आटली की घट्ट होतेच. म्हणून ती पेनची खूण. शेवटी नळी बाहेर काढली की पातळी जिथल्या तिथं दिसते. पांढऱ्या भागात जवळपास ८८ टक्के पाणी असतं आणि उकडल्यावरही ते सगळं आतच असतं. म्हणजे आपण चमच्यानं कापतो तो घट्ट तुकडा बहुतांश पाणीच आहे. मुलं इथं एकदम जागी होतात. पाणी आहे तर वाहत का नाही? काहीतरी त्याला धरून बसलंय. ते काय, हे शोधायला आता पातेल्याकडे बघायचं.

साठ अंशांपर्यंत काहीच होत नाही. मुलं कंटाळतात. त्यांना कंटाळू द्यायचं. पाणी साठच्या पुढे गेलं की नळीच्या कडेला धुरकट झाक दिसायला लागते. नळीच्या आतलं तापमान बाहेरच्या पाण्यापेक्षा दोन-चार अंशांनी मागे असतं, त्यामुळे धुरकटपणा थोडा उशिरा दिसला तरी घाबरायचं नाही. सत्तरच्या आसपास नळी तिरकी केली तर आतलं थरथरतं, पण वाहत नाही. ऐंशीच्या पुढे ते घट्ट, अपारदर्शक होतं.

दोन टप्पे का? पांढऱ्या भागात एकच प्रथिन नाही. बाराएक टक्के वाटा असलेलं ओव्होट्रान्सफेरिन साठ-बासष्ट अंशांनाच उलगडायला लागतं आणि पहिली जेली त्याची असते. निम्म्याहून जास्त वाटा ज्याचा, ते ओव्हाल्ब्युमिन ऐंशीच्या आसपास हार मानतं. हाफ-बॉइल्ड अंड्याचा थरथरता पांढरा भाग म्हणजे पहिलं उलगडलंय आणि दुसरं अजून बऱ्यापैकी शाबूत आहे. दोनच नावं सांगायची. पांढऱ्या भागात आणखी पुष्कळ प्रथिनं आहेत, पण यादी सुरू केली की वर्ग वहीत नावं उतरवायला लागतो आणि नळीकडे बघायचं थांबतो.

इथं एक मुलगा नेहमी विचारतो, रंग कुठून आला? रंग आलाच नाही. बर्फाची लादी काचेसारखी आरपार असते. तीच गोळेवाल्यानं किसली की पांढरी शुभ्र दिसते. पाणी तेच, पण आता प्रकाश असंख्य बारीक कडांवर आपटून इकडेतिकडे विखुरतो. कच्च्या अंड्यातली प्रथिनं इतकी लहान आणि सुटी असतात की प्रकाश त्यांच्यातून आरपार जातो. ती एकमेकांना चिकटून मोठे पुंजके झाले की प्रकाश विखुरतो. म्हणजे आपल्याला दिसणारा पांढरेपणा हा उलगडण्याचा नाही, एकत्र गोळा होण्याचा पुरावा आहे. हे वाक्य मी दोनदा सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

लोकरीचे गोळे

पातेलं सत्तरकडे जात असताना दहा गोळे एका मोठ्या वाडग्यात टाकून हलवते. ते घरंगळतात, एकमेकांवरून सरकतात. हे कच्चं अंडं. प्रत्येक साखळीची स्वतःची घडी आहे. साखळीतले जे भाग पाण्याला टाळतात ते बहुतेक आत दडलेत आणि पाण्याशी जमतं ते बाहेर आहेत, म्हणून गोळे सुटे राहतात. घडी धरून ठेवणारे बंध एकेकटे दुबळे असतात, साडीच्या निऱ्यांना लावलेल्या टाचण्यांसारखे. पुष्कळ असल्यामुळे ते टिकतात.

तापमान वाढलं की साखळी थरथरायला लागते आणि टाचण्या निसटतात. दहा मुलांना बोलावून दहा गोळे पूर्ण उलगडायला लावायचे. इथं थांबून एक गोष्ट दाखवायची: धागा तुटला का? नाही. ३८५ सेंटिमीटरचा धागा अख्खा आहे. अमिनो आम्लांना एकमेकांशी जोडणारे बंध पातेल्यातल्या उष्णतेनं तुटत नाहीत. ते तोडायचे तर प्रयोगशाळेत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांना चोवीस तास ठेवतात. ‘उकडल्यानं प्रथिनं नष्ट होतात’ हे वाक्य म्हणून चूक आहे, आणि दुर्दैवानं ते पालकांकडूनही ऐकायला मिळतं. उलट उलगडलेली साखळी आपल्या पोटातल्या पाचकरसांना कापायला सोपी जाते. कच्च्या अंड्यापेक्षा शिजवलेल्या अंड्यातली प्रथिनं जास्त पचतात.

मग दहाही धागे वाडग्यात टाकायचे आणि डावानं अर्धा मिनिट ढवळायचे. आतले खरखरीत तुकडे आता उघडे पडलेत. ते स्वतःच्या धाग्याला चिकटतात तसे शेजाऱ्याच्याही चिकटतात. आता एका धाग्याचं टोक धरून वर उचला. सगळा गुंता एकत्र वर येतो. पहिल्या मुलाला सांगायचं: तुझा धागा काढ आणि पूर्वीसारखा गुंडाळ. तो ओढतो, सोडवतो, वैतागतो. वर्ग हसतो.

आता अकरावा गोळा काढायचा. तो एकटाच उलगडायचा, दुसऱ्या मुलाच्या हातात द्यायचा आणि तेच सांगायचं. तो मिनिटाभरात परत गुंडाळून देतो.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. उलगडलेली साखळी परत घडीत जाऊ शकते, पण तिला एकटीला सोडलं पाहिजे. अंड्याच्या पांढऱ्या भागात दर शंभर ग्रॅममध्ये दहा-अकरा ग्रॅम प्रथिनं दाटीवाटीनं असतात. एक साखळी उलगडते तेव्हा तिच्या शेजारच्या शेकडो साखळ्याही उलगडलेल्या असतात. पाण्याला टाळणारे भाग उघड्यावर येतात आणि आसरा शोधतात. स्वतःची घडी सापडायच्या आधी त्यांना शेजारणीचे तसलेच भाग सापडतात. नंतर थंड केलं तर थरथर थांबते, पण गुंता सुटत नाही. उलट थंडीत तो आणखी कडक होतो. पाणी या जाळ्याच्या भोकांत अडकून बसतं, म्हणून ८८ टक्के पाणी असूनही वाहत नाही.

मॉडेलची मर्यादाही मुलांना सांगायची, नाहीतर हुशार मुलं स्वतःच शोधून काढतात. लोकर स्वतःहून गुंडाळली जात नाही, प्रथिन मात्र स्वतःच घडी घालतं. पाण्याला टाळणारे भाग कुठे आहेत यावरून त्याची घडी ठरते, त्याला हात लागत नाहीत.

वरच्या वर्गांसाठी एक गोष्ट जोडते. ख्रिश्चन अॅनफिन्सन यांनी गाईच्या स्वादुपिंडातलं रायबोन्यूक्लिएज नावाचं १२४ अमिनो आम्लांचं प्रथिन घेतलं. एक म्हणजे युरिया आणि दुसरं म्हणजे साखळीतल्या गंधकाच्या अणूंना एकमेकांशी जोडणारे पूल तोडणारं रसायन, अशी दोन रसायनं घालून त्याची घडी पूर्ण मोडली. मग दोन्ही रसायनं काढून टाकली तर प्रथिन आपोआप पूर्ववत झालं आणि कामही करू लागलं. या शोधासाठी त्यांना १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. हे त्यांना साधलं कारण त्यांचं द्रावण अतिशय विरळ होतं. आपल्या वर्गात त्यांच्या भूमिकेत अकरावा गोळा आहे.

गंधकाची शिवण

पाण्याला टाळणारे भाग एकमेकांना चिकटले तरी तो बंध टाचणीचाच. पण अंड्यात आणखी एक गोष्ट होते. ओव्हाल्ब्युमिनच्या साखळीत गंधक असलेलं सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल सहा ठिकाणी येतं. त्यातली दोन एकमेकांना आधीच बांधलेली असतात, उरलेली चार मोकळी आणि घडीच्या आत. साखळी उलगडली की ती बाहेर येतात आणि शेजारच्या साखळीतल्या गंधकाशी पूल बांधतात. हा पूल टाचणीपेक्षा कितीतरी पक्का असतो, मशीनवर मारलेल्या टाक्यासारखा. आधी धागे नुसते गुंतले होते, आता ते एकमेकांना शिवले गेले.

गंधकाचा पुरावा मी डब्यातून आणते: वीस मिनिटं उकडलेलं अंडं. ते वर्गात कापलं की पिवळ्याच्या कडेला हिरवट-करडी रेघ दिसते आणि ओळखीचा वास येतो. जास्त तापवल्यावर पांढऱ्या भागातल्या प्रथिनांमधल्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. तो पिवळ्यातल्या लोहाशी जुळला की आयर्न सल्फाइड बनतं, तीच ही रेघ. ती विषारी नाही, अंडं फक्त जास्त उकडलं आहे.

बर्फाचा वाडगा

आता पातेल्यातली एक नळी चिमट्यानं उचलून बर्फात. खोबरेल तेलाची नळी क्षणभर गरम पाण्यात बुडवून वितळवायची आणि तीही शेजारी ठेवायची. पाच मिनिटांत खोबरेल परत पांढरं घट्ट होतं. अंड्याची नळी जशी होती तशीच राहते. खोबरेल गरम करून परत पातळ होतं, थंड करून परत घट्ट, कितीही वेळा करा. मुलांच्या पुस्तकात परिवर्तनीय आणि अपरिवर्तनीय बदल असतात. इथं दोन्ही एकाच वाडग्यात दिसतात. तेलाचे रेणू बर्फातल्या पाण्यासारखे नुसते एकमेकांशेजारी रचले जातात. त्यांना उलगडण्यासारखी लांब साखळी नाही, त्यामुळे गुंता होण्याचा प्रश्नच येत नाही.

अंडं चालत नसेल तर खरवस

जिथं अंडं नेता येत नाही तिथं मी गवळ्याकडून चीक आणते. व्यालेल्या गाईचं किंवा म्हशीचं पहिल्या दिवसाचं दूध. त्यात एरवीच्या दुधापेक्षा पाण्यात विरघळलेली प्रथिनं फार जास्त असतात, मुख्यतः वासराला रोगांपासून वाचवणारी. विरजण, लिंबू काहीही न घालता नुसतं वाफवलं की ते अंड्यासारखंच बसतं, म्हणजे खरवस. कारणही तेच: उलगडणं आणि गुंतणं. साधं दूध का बसत नाही, याचंही उत्तर यात आहे. त्यातली ही उष्णतेनं उलगडणारी प्रथिनं इतकी थोडी असतात की सगळ्या भांड्याला पुरेल असं जाळं बनतच नाही.

मजा पुढे आहे. चीक मिळत नाही तेव्हा काही जण दुधात चायना ग्रास उकळून थंड करतात आणि वड्या पाडतात. दिसायला खरवसच. दोन्हीच्या वड्या वर्गात आणून दोन वेगळ्या परीक्षानळ्यांत घालायच्या आणि उकळत्या पाण्यात धरायच्या. चायना ग्रासची वडी काही मिनिटांत वितळून दूध होते आणि थंड केली की परत बसते. चिकाचा खरवस ढिम्म हलत नाही, फार तर थोडं पाणी सोडतो. चायना ग्रास म्हणजे शर्करेच्या लांब साखळ्या. त्या थंड होताना एकमेकींना हलकेच धरतात आणि पंच्याऐंशीच्या आसपास सोडतात. त्यांचं घट्ट होणं थंडीमुळे, खरवसाचं उष्णतेमुळे. एवढी एक ओळ मुलांच्या लक्षात राहिली तरी अर्धं काम झालं. पण या परीक्षेवरून ‘बाजारातला खरवस खरा की खोटा’ असा निकाल द्यायला जाऊ नका. दही घालून वाफवलेली नक्कलही वितळत नाही, कारण तिथं दुधातलीच प्रथिनं आंबटपणानं आणि उष्णतेनं गुंतलेली असतात.

हमखास येणारे प्रश्न

“ताप आला की आपली प्रथिनं उकडतात का?” १०४ फॅरनहाइट म्हणजे ४० अंश सेल्सिअस. अंड्यातली प्रथिनं साठच्या पुढे सुरुवात करतात. आपल्या शरीरातली काही प्रथिनं त्याहून नाजूक असतात हे खरं, पण पेशींमध्ये अशी मदतनीस प्रथिनंही असतात जी उलगडू लागलेल्या साखळीला शेजारणींपासून दूर धरून घडी घालायला अवसर देतात. म्हणजे अकराव्या गोळ्यासारखी एकांताची सोय.

“डोंगरावर अंडं शिजत नाही म्हणतात?” कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे. तिथं पाणी साधारण ९४-९५ अंशांना उकळतं. ओव्हाल्ब्युमिनला ऐंशीच पुरे असल्यामुळे अंडं शिजतं, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. एव्हरेस्टच्या माथ्यावर मात्र पाणी सत्तरच्या आसपास उकळतं. तिथं पांढरा भाग कितीही वेळ ठेवला तरी मऊच राहील. मुलांना हे स्वतः ओळखू द्यायचं, आकडे फळ्यावर असतातच.

“मग उकडलेलं अंडं कधीच परत कच्चं होणार नाही?” इथं ‘कधीच’ म्हणायचं नाही. थंड करून होणार नाही, एवढं म्हणायचं. २०१५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतले ग्रेगरी वाइस, ऑस्ट्रेलियातले कॉलिन रॅस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९० अंशांना वीस मिनिटं उकडलेला पांढरा भाग घेतला. युरिया घालून तो गुंता विरघळवला आणि मग ते द्रावण वेगानं फिरणाऱ्या नळीच्या भिंतीवर पातळ थरात फिरवलं. त्या खेचाखेचीत साखळ्या सुट्या झाल्या आणि लायसोझाइम नावाचं प्रथिन परत घडीत येऊन काम करू लागलं. त्याचं काम जंतूंची भिंत फोडणं. त्याच वर्षी त्यांना आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं इग नोबेलही मिळालं. पण हातात आलं ते एक प्रथिन, अख्खं अंडं नव्हे. पिवळा, पांढरा, वेगवेगळे थर, सगळं पूर्वीसारखं करून त्यातून पिल्लू निघेल असं काहीही झालेलं नाही. त्यांनी युरिया का वापरला, हे नववीच्या मुलांना विचारून बघा. लोकरीचा खेळ झाला असेल तर कुणीतरी म्हणतं, “आधी गुंता सोडवायला.”

भांडी घासताना

शेवटी नळ्या धुवायच्या असतात आणि इथंही तोच धडा उपयोगी पडतो. कच्चं अंडं लागलेला वाडगा आधी गार पाण्यानं विसळायचा. थेट गरम पाणी घातलं तर तिथल्या तिथं अंडं शिजून भांड्याला चिकटतं. उकडलेल्या नळ्यांचं मात्र गरम पाण्यानं काही होत नाही, कितीही उकळा. पाकिटावर ‘एन्झाइम’ लिहिलेली कपडे धुण्याची पावडर कोमट पाण्यात घालून रात्रभर भिजत ठेवल्या की सकाळी ब्रशनं साफ निघतात. पावडरीतली विकरं गुंता सोडवत बसत नाहीत, ती लोकरच कातरीनं बारीक कापून टाकतात.